बंदराचं तोंड साफ कोण ठेवणार? संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीस खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष महोदय आणि समितीच्या सर्व सन्माननीय सदस्यांना नमस्कार.

मी अलिबागचा. तीसहून अधिक वर्षं मर्चंट नेव्हीत काढली आणि कप्तान म्हणून निवृत्त झालो. नौदलाचा गणवेश मी कधी घातला नाही, पण पाणसुरुंगाची भीती पोटात घेऊन जहाज चालवलं आहे. आणि सुरुंग काढणारी आपल्या नौदलाची शेवटची नौका 2019 मध्येच निवृत्त झाली. म्हणूनच हे पत्र.

1987 साली मी थर्ड ऑफिसर होतो आणि आमचं जहाज इराणच्या आखातात येजा करत होतं. 24 जुलैला फारसी बेटाजवळ 'ब्रिजटन' हा अजस्र तेलवाहू टँकर पाणसुरुंगावर आदळला. त्याच्या संरक्षणासाठी अमेरिकन युद्धनौका सोबत होत्या. स्फोटानंतर जे झालं ते आम्हा खलाशांच्या तोंडी पुढे कितीतरी वर्षं होतं. भोक पडलेला टँकर हळूहळू पुढे निघाला आणि त्याचं रक्षण करायला आलेल्या युद्धनौका त्याच्या मागे, त्याच्याच पाण्यात रांगेने चालू लागल्या. कारण सरळ होतं. एवढा मोठा टँकर आणखी एखादा धक्का सहज पचवू शकत होता, फ्रिगेट बुडाली असती. ताफ्यात क्षेपणास्त्रं होती, तोफा होत्या, हेलिकॉप्टरं होती, पण समोरचं पाणी झाडून देणारं एकही जहाज नव्हतं. त्या दिवसांत आम्ही नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, दुर्बीण देऊन माणूस उभा करायचो आणि शक्य तिथे रात्री नांगर टाकून थांबायचो. नांगरातून सुटून वर तरंगणारा सुरुंग दिवसा दिसला तर दिसला. पाण्याखाली बांधून ठेवलेला दिसत नाहीच.

आपल्याकडे हा प्रश्न कधी आलाच नाही असं पुष्कळांना वाटतं. तो आला होता, आणि थेट मुंबईच्या दारात आला होता.

30 नोव्हेंबर 1916 रोजी जर्मनीतल्या कील बंदरातून 'वोल्फ' नावाचं जहाज निघालं. मुळात ते 'वाख्टफेल्स' नावाचं साधं मालवाहू जहाज. कप्तान कार्ल ऑगस्ट नेर्गर यांच्या हाताखाली ते 451 दिवस समुद्रावर राहिलं आणि एकाही बंदराला न लागता परत गेलं. बाहेरून ते मालवाहूच दिसायचं. पोटात तोफा आणि टॉर्पेडो होते, एक लहान विमान होतं, आणि साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग होते. जानेवारी 1917 मध्ये त्याने केपटाऊनच्या बाहेर सुरुंग टाकले आणि फेब्रुवारीत कोलंबोबाहेर. त्याच फेब्रुवारीत मुंबईबाहेर सुरुंग टाकून ते निघून गेलं. कोलंबोला दोनच दिवसांत 'वूस्टरशायर' बुडालं, मग 'पर्सियस'. मार्चच्या सुरुवातीला वोल्फने पकडलेल्या एका जहाजातून एडनबाहेरही सुरुंग टाकले जात होते. ते जहाज ब्रिटिशांनी गाठलं तेव्हा त्याच्या खलाशांनी ते स्वतःच बुडवलं, पण माणसं हाती लागली आणि हिंदी महासागरात कोण फिरतं आहे ते उघड झालं.

म्हणजे मार्चपर्यंत धोका माहीत झाला होता. तरीही जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईबाहेर जहाजं आदळू लागली. 'सिटी ऑफ एक्सेटर' जखमी झालं. 'क्रॉक्स्टेथ हॉल' बुडालं. 23 जूनला पी अँड ओ कंपनीचं 'मंगोलिया' हे उतारूंचं मोठं जहाज मुंबईच्या दक्षिणेला सुरुंगावर गेलं आणि काही मिनिटांत तळाला गेलं. त्यात 23 माणसं दगावली. जुलैच्या अखेरीस 'ओखला'ही गेलं. सुरुंग टाकणारं वोल्फ तोवर प्रशांत महासागरात पोहोचलं होतं.

या प्रकरणातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शत्रूने मुंबईवर एकही तोफगोळा डागला नाही. बंदरावरच्या तोफा जागच्या जागी होत्या आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. एका रात्रीत पाण्यात सोडलेल्या लोखंडी गोळ्यांनी चार-पाच महिने बंदराचा रस्ता धोक्याचा करून ठेवला. मुंबईबाहेरचा उथळ तळ किनाऱ्यापासून कितीतरी दूरपर्यंत पसरलेला आहे, पाणी शंभर मीटरच्या आतच राहतं. बांधलेला सुरुंग टाकायला असा तळ फार सोयीचा.

हा सुरुंग बांधतात कसा, ते सांगतो, कारण त्याशिवाय तो काढायचं काम किती कष्टाचं आहे ते कळणार नाही.

सुरुंग म्हणजे हवा आणि दारू भरलेला लोखंडी गोळा. तो पाण्यावर तरंगू पाहतो. त्याच्या खाली एक जड पेटी असते आणि पेटीत तारेची गुंडाळी. सगळ्यांत प्रचलित पद्धतीत त्या पेटीखाली दोरीने एक वजन लोंबकळत ठेवतात. समजा सुरुंग पाण्याखाली चार मीटरवर हवा आहे, तर ही दोरी चार मीटरची ठेवायची. जहाजाच्या मागच्या बाजूने सगळं पाण्यात ढकललं की सुरुंग वर राहतो, पेटी खाली जाऊ लागते आणि तार सुटत जाते. लोंबकळणारं वजन आधी तळाला टेकतं. त्याची दोरी सैल पडताच गुंडाळी अडकते आणि तार सुटायची थांबते. पण पेटी अजून तळापासून चार मीटर वर असते. ती उरलेलं अंतर खाली जाते आणि सुरुंगालाही नेमकं चार मीटर खाली ओढून घेते. तळ किती खोल आहे हे टाकणाऱ्याला ठाऊक असायचीही गरज नाही.

गोळ्याच्या अंगावर शिशाची शिंगं असतात. प्रत्येक शिंगात काचेची नळी आणि नळीत आम्ल. जहाज घासलं की मऊ शिसं वाकतं, काच फुटते आणि आम्ल खालच्या पट्ट्यांवर पडून बॅटरी जिवंत होते. जहाज लागेपर्यंत बॅटरी कोरडीच असल्यामुळे ती झिजतही नाही. असा सुरुंग वर्षानुवर्षं वाट पाहत राहू शकतो.

आता तो काढायचा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हे काम दिलं मासेमारी ट्रॉलरना आणि त्यांच्यावरच्या कोळ्यांना. यामागे पक्का विचार होता. तळाजवळून जड दोर ओढत सरळ रेषेत चालायचं, दोराचा ताण हातातून ओळखायचा, वारा आणि प्रवाह सांभाळायचा, हे सगळं ट्रॉलरवाला रोजच करतो. सुरुवातीला दोन ट्रॉलर समांतर चालायचे आणि मधे पोलादी तार असायची. तार ठरलेल्या खोलीवर राहावी म्हणून तिला पतंगासारखी फळी लावायची. पुढे एकाच जहाजाने करायची पद्धत आली. जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या ट्रॉलरच्या फळ्या असतात ना, तशीच फळी तारेच्या टोकाला लावून तार जहाजापासून बाजूला, तिरकी पसरवायची. तारेवर कातऱ्या असतात. सुरुंगाची तार त्यात सापडली की तुटते, सुरुंग वर येतो आणि बंदुकीने गोळ्या घालून तो बुडवायचा.

आणि इथे भरती-ओहोटी येते, जी आम्हा कोकणातल्या माणसांना कुणी शिकवावी लागत नाही. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. पण तळाला बांधलेला सुरुंग पाण्याबरोबर वर येत नाही. ओहोटीला तो पाण्याखाली अडीच मीटरवर असेल, तर भरतीला साडेसहा-सात मीटरवर जातो. सुरुंग काढणारी नौका स्वतः तीन मीटर पाण्यात बसत असेल तर ओहोटीला ती सुरुंगावर आदळेल, भरतीला त्याच्या डोक्यावरून सुखरूप जाईल. म्हणून झाडायचं ते भरतीच्या आगेमागे, आणि दिवसाउजेडी, कारण वर आलेला सुरुंग डोळ्यांना दिसला पाहिजे.

थोडा हिशोब करून पाहा. तीस किलोमीटर लांब आणि सहाशे मीटर रुंद रस्ता साफ करायचा आहे. तारेचा पट्टा दोनशे मीटर धरला तरी कडा एकमेकांवर चढवायच्या म्हणून चार फेऱ्या. तासाला अकरा किलोमीटरच्या वेगाने एका फेरीला पावणेतीन तास. दिवसाची एक भरती धरली तर एका नौकेला चार दिवस, तेही हवा चांगली असेल आणि काही बिघडलं नाही तर. शिवाय आपल्या किनाऱ्यावर एक अडचण आणखी आहे. रायगड-मुंबईच्या पाण्यात डोल जाळ्यांसाठी तळात खुंट ठोकलेले असतात. झाडायची तार त्यात अडकणार, कातऱ्या तुटणार, आणि कोळ्याचं वर्षाचं सामान जाणार.

हे सगळं झालं जुन्या सुरुंगाचं. 1939 च्या शरद ऋतूत जर्मनीने असा सुरुंग आणला की वरची सगळी मेहनत फुकट गेली. तो तळावर नुसता पडून राहायचा. बांधलेली तारच नाही, तर कापणार काय? जहाजाच्या लोखंडामुळे आसपासचं चुंबकीय क्षेत्र बदललं की तो फुटायचा. थेम्सच्या मुखाशी जहाजं बुडू लागली आणि कारण कळेना.

22 नोव्हेंबरच्या रात्री शूबरीनेस इथे विमानातून टाकलेला असा एक सुरुंग उथळ चिखलात पडला. ओहोटी लागली आणि तो उघडा झाला. दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्री आणि चीफ पेटी ऑफिसर बाल्डविन त्याच्याजवळ गेले. हत्यारं मुद्दाम चुंबकाला न लागणाऱ्या धातूची करून घेतली होती. त्यांचे दोन सहकारी दूर उभे राहून प्रत्येक पाऊल पाहत होते, म्हणजे स्फोट झालाच तर पुढच्या माणसाला निदान कुठपर्यंत गाडी आली होती ते कळेल. सुरुंग उघडला आणि आतली युक्ती हाती लागली. त्यावरूनच जहाजांभोवती विजेच्या तारा गुंडाळून त्यांचं चुंबकत्व मारण्याची पद्धत पक्की झाली. आणि झाडण्याची नवी रीत आली: दोन नौका शेजारी शेजारी, प्रत्येकीच्या मागे तरंगती लांब केबल, आणि ठराविक अंतराने त्यांतून विजेचा जबरदस्त झटका. सुरुंगाला वाटतं वरून जहाज गेलं, आणि तो मागे, सुरक्षित अंतरावर फुटतो.

हे काम करणारी नौका अर्थातच लोखंडाची चालत नाही. म्हणून लाकडाच्या आणि पुढे फायबरच्या नौका आल्या. इंजिनापासून स्वयंपाकघरापर्यंत चुंबकत्वाचा हिशोब ठेवावा लागतो. ही जहाजं आकाराच्या मानाने महाग का पडतात आणि कुठलीही गस्तीनौका त्यांच्या जागी का उभी करता येत नाही, ते यावरून आपल्या ध्यानात येईल.

मग सुरुंग बनवणाऱ्यांनी त्यात मोजणी बसवली. पहिली नऊ जहाजं जाऊ द्यायची, दहाव्याला फुटायचं. झाडणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा वाईट काही नाही. वरच्याच रस्त्यावर चार पट्टे, प्रत्येकी दहा फेऱ्या, म्हणजे चाळीस फेऱ्या. नुसतं चालण्याचे एकशेदहा तास. आणि एवढं करून काहीच फुटलं नाही, तर रस्ता साफ आहे की मोजणी अकराची होती? खात्री नावाची गोष्ट या धंद्यात मिळत नाही, फक्त धोका कमी होत जातो. बंदर उघडायचं की नाही हा निर्णय कुणाला तरी त्या उरलेल्या धोक्यासह घ्यावा लागतो.

ऑक्टोबर 1950 मध्ये कोरियातल्या वॉनसान बंदरावर अमेरिकेचं सैन्य उतरायचं होतं. जगातलं सर्वांत बलाढ्य आरमार, पाच वर्षांपूर्वीच महायुद्ध जिंकलेलं. पण महायुद्ध संपताच त्यांनी आपल्या बहुतेक माइनस्वीपर, म्हणजे सुरुंग झाडणाऱ्या नौका, मोडीत काढल्या होत्या किंवा वापराविना उभ्या करून ठेवल्या होत्या. उत्तर कोरियाने सोव्हिएत सल्लागारांच्या मदतीने साध्या होड्यांतून सुमारे तीन हजार सुरुंग टाकले होते. 12 ऑक्टोबरला 'पायरेट' आणि 'प्लेज' या दोन अमेरिकन माइनस्वीपर लागोपाठ बुडाल्या. जपानची आणि दक्षिण कोरियाची एकेक नौकाही गेली. सैन्याने भरलेली जहाजं दिवसेंदिवस किनाऱ्याबाहेर वरखाली फेऱ्या मारत राहिली. अखेर ते सैन्य किनाऱ्यावर उतरलं तेव्हा दक्षिण कोरियाचं पायदळ रस्त्याने चालत येऊन वॉनसान कधीच घेऊन बसलं होतं.

आता आपल्याकडे येतो. सोव्हिएत बनावटीच्या माइनस्वीपर आपल्या नौदलाने दशकानुदशकं चालवल्या. त्यांतल्या 'आयएनएस कारवार' आणि 'आयएनएस काकिनाडा' 2017 साली मुंबईतच सेवेतून निवृत्त झाल्या. आपल्याच किनाऱ्याचं नाव मिरवणारी 'आयएनएस कोंकण' 2018 मध्ये गेली. एप्रिल 2019 मध्ये 'आयएनएस कोझिकोड'वरचा ध्वज उतरला आणि ती शेवटची होती. गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या सहकार्याने नव्या नौका बांधायची योजना वर्षानुवर्षं वाटाघाटीत राहिली आणि 2018 मध्ये रद्द झाली. जुलै 2025 मध्ये संरक्षण अधिग्रहण परिषदेने नव्या बारा नौकांची गरज मान्य केली. याचं मी मनापासून स्वागत करतो. पण गरज मान्य होणं आणि नौका पाण्यात उतरणं यांत किती वर्षं जातात हे समितीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मुंबई बंदर, न्हावा-शेवा आणि नौदलाची गोदी, तिघांची मोठी जहाजं एकाच खोदलेल्या मार्गाने येतात-जातात. त्या मार्गात एक सुरुंग सापडला, नव्हे, सापडल्याची अफवा जरी उठली, तरी विमा कंपन्या आणि जहाजमालक आपापली जहाजं बाहेर थांबवतील. मी कप्तान असतो तर मीही थांबवलं असतं.

म्हणून माझ्या मागण्या नव्या नौका येईपर्यंतच्या मधल्या काळाबद्दल आहेत.

पहिली मागणी तळाच्या नकाशाची आहे आणि तीच मला सर्वांत निकडीची वाटते. आजकाल सुरुंग झाडण्यापेक्षा शोधण्यावर भर असतो. सोनारने तळ पाहायचा, संशयास्पद वस्तू दिसली की पाणबुड्या किंवा दूरनियंत्रित यंत्र खाली पाठवायचं. पण मुंबईच्या तळावर काय नाही? तुटलेले नांगर, पिंपं, साखळ्या, जुनी जाळी, खुंट. सोनारवर यातलं निम्मं सुरुंगासारखंच दिसतं. शांततेच्या काळात प्रत्येक वस्तूची जागा नोंदवून ठेवली असेल, तर संकटाच्या दिवशी फक्त नवी वस्तू तपासायची. नोंद नसेल तर सगळ्याच तपासायच्या. आणि आपला तळ गाळाचा आहे. पावसाळ्यात खाड्यांमधून गाळ येतो, वस्तू गाडल्या जातात, ड्रेजर काही उकरून वर आणतो. गाळात गाडलेला सुरुंग साध्या सोनारला दिसत नाही. म्हणून ही पाहणी वर्षातून दोनदा हवी, एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर, आणि दोन्हींची तुलना व्हायला हवी. त्यासाठी माइनस्वीपर लागत नाही. सर्वेक्षण नौका आणि साइड-स्कॅन सोनार पुरतो. गेल्या पाच वर्षांत मुंबई, न्हावा-शेवा, मुरगाव आणि कांडला यांच्या मार्गांची अशी पाहणी किती वेळा झाली, एवढं समितीने बंद दाराआड का होईना, विचारावं.

दुसरी मागणी माणसांची. नौका मोडीत गेली तर नवी बांधता येते. 2019 ला ज्या खलाशांचे हात या कामात मुरलेले होते ते दुसऱ्या जहाजांवर गेले, काही निवृत्तही झाले असतील. गाळावरचा सोनारचा ठिपका दगड आहे की सुरुंग, हे पुस्तकातून येत नाही, शेकडो ठिपके पाहून येतं. नवी नौका येईपर्यंत या माणसांना एका जागी आणून, साध्या जहाजांवर बसवता येणाऱ्या सोनार संचांवर आणि मानवरहित यंत्रांवर सराव सुरू ठेवावा. मित्रदेशांच्या माइनस्वीपरवर तुकड्या पाठवाव्यात.

तिसरी मागणी माझ्या गावाकडची. आमच्या कोळी बांधवांच्या जाळ्यात समुद्रातलं काय काय येतं हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला ठाऊक आहे. अनोळखी लोखंडी वस्तू वर आली तर बहुतेक नाखवा ती गुपचूप परत पाण्यात सोडतो. कळवलं तर बोट अडकवून ठेवतील, चार दिवसांची मासेमारी जाईल, जबाब द्यावे लागतील, ही भीती त्याला असते. आमच्याच शेजारच्या एका नाखव्याने अशी वस्तू कळवली होती आणि त्याची बोट आठवडाभर धक्क्याला बांधून पडली. त्यानंतर त्या वाड्यातल्या कुणी काही कळवलं नाही. कळवणाऱ्याची बोट त्याच दिवशी सोडायची, जाळं कापावं लागलं तर भरपाई द्यायची, आणि वस्तूला हात न लावता जागा जीपीएसवर टिपून जाळं कापून दूर व्हायचं, एवढं मराठीत, कोळीवाड्यात जाऊन सांगायचं. सर्वेक्षण नौका महिन्यातून चार दिवस फिरेल. आमच्या होड्या रोज त्याच पाण्यात असतात.

या तीन गोष्टींवर संरक्षण मंत्रालयाकडून लेखी उत्तर मागवावं आणि त्यातला जो भाग जाहीर करता येईल तो समितीच्या पुढच्या अहवालात छापावा, ही विनंती. समितीला किंवा नौदलाला किनाऱ्यावरच्या माणसांशी बोलायचं असेल तर अलिबाग, थळ, रेवसच्या नाखव्यांना एकत्र बोलावण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला नम्र,
एक निवृत्त कप्तान, अलिबाग